सिर्टाचा पंचनामा

१९ मे ३०३ रोजी सिर्टा शहराचा प्रशासक मुनाशियस फेलिक्स कारकून आणि सरकारी गुलाम बरोबर घेऊन एका घराशी आला. शहरातले ख्रिस्ती लोक त्या घरात प्रार्थनेला जमत. सम्राट डायोक्लेशनचे फर्मान निघून तीन महिने होत आले होते. ख्रिस्त्यांची प्रार्थनाघरे पाडा, त्यांचे धर्मग्रंथ जाळा आणि त्यांच्यातल्या मानकऱ्यांचे मान व हक्क काढून घ्या, असा तो हुकूम होता. सिर्टा हे उत्तर आफ्रिकेतल्या न्युमिडिया प्रांताचे मोठे शहर. खोल दरीच्या काठावर कातळावर वसलेले हे गाव आज अल्जीरियात आहे. फेलिक्स ज्या कामाला आला होता, ते काम त्याने दिवसभरात उरकले आणि रोमन रिवाजाप्रमाणे शब्दन् शब्द टिपून ठेवायला लावला. तो पंचनामा आज आपल्याला वाचायला मिळतो. रोमन सत्तेने ख्रिस्त्यांचा छळ केला म्हणजे नेमके काय केले, हे समजून घ्यायला याच्याइतका जवळचा कागद मला ठाऊक नाही.

हा कागद साहित्य म्हणून कोणी लिहिलेला नाही. हुतात्म्यांच्या कथा ख्रिस्ती समाजाने पुढे पुष्कळ लिहिल्या. त्यांत न्यायाधीश चवताळलेला असतो, हुतात्मा निर्भय असतो, आणि प्रत्येक उत्तर पुढच्या पिढ्यांनी पाठ करावे अशा बेताने घडवलेले असते. इथे तसे काही नाही. लिहिणारा सरकारी कारकून आहे. कोण बोलले आणि काय बोलले, एवढेच त्याला टिपायचे आहे. त्यामुळे माणसे इथे अडखळतात, टोलवाटोलवी करतात, घाबरतात, आणि मध्येच एखादा अनपेक्षितपणे ताठ उभा राहतो. जे रचलेले नाही त्यात असे नाट्य आपोआप उतरावे, ही या पानांची मोठी ताकद आहे.

फेलिक्स हा प्रशासक होताच, शिवाय सम्राटपूजेचा तहहयात पुरोहितही होता. त्याचा पहिला प्रश्न बिशप पॉलला आहे. ग्रंथ आणि जे काही असेल ते बाहेर काढा, म्हणजे हुकुमाचे पालन होईल, असे तो सांगतो. त्याच्या बोलण्यात राग नाही. ख्रिस्ती देवाबद्दल एक अक्षर नाही, आणि धर्म सोडा असेही तो म्हणत नाही. त्याला वस्तू हव्या आहेत. पॉल उत्तर देतो की ग्रंथ वाचकांकडे आहेत, इथे जे आहे ते आम्ही देतो. सभेत धर्मग्रंथ वाचून दाखवणाऱ्या या वाचकांचे समाजात ठरलेले पद असे, आणि पोथ्या त्यांच्या घरी ठेवलेल्या असत. मग वाचक कोण ते दाखवा, असे फेलिक्स म्हणतो. ते तुम्हा सगळ्यांना माहीत आहेत, हे पॉलचे उत्तर. आम्हाला माहीत नाहीत, फेलिक्स म्हणतो. तेव्हा पॉल सांगतो की सरकारी कचेरीला ते माहीत आहेत, म्हणजे एडुशियस आणि ज्युनियस या कारकुनांना.

हा संवाद पुनःपुन्हा वाचावासा वाटतो. पॉल खोटे बोलत नाही. तो नकार देत नाही, आणि नावही घेत नाही. आपल्या तोंडून कोणी पकडला जाऊ नये एवढी एकच रेघ त्याने मनाशी ओढलेली दिसते, आणि ती न ओलांडता बाकी सगळे तो देऊन टाकतो. त्याच वाक्यातून आपल्याला आणखी एक गोष्ट कळते. सिर्टाच्या ख्रिस्त्यांना लपून राहायची सवयच नव्हती. सम्राट गॅलिएनसने २६० साली त्यांची जप्त झालेली प्रार्थनास्थळे आणि दफनभूमी परत दिली होती. त्यानंतरची चाळीस वर्षे शांततेत गेली होती. नगरकचेरीतल्या कारकुनांना शहरातला प्रत्येक वाचक कुठे राहतो हे माहीत होते, कारण ते सगळे एकाच गावचे शेजारी होते. त्या दोन कारकुनांपुढेच हे बोलणे चालले होते, आणि पुढे त्यांनीच घरे दाखवली.

मग कारकून हजर माणसांची नोंद करतो. बिशप बसलेला. त्याच्याबरोबर मॉन्टेनस, व्हिक्टर आणि मेमोरियस हे धर्मगुरू. मार्स आणि हेलियस हे डीकन उभे. मार्कुक्लियस, कॅटुलिनस, सिल्व्हेनस आणि कॅरोसस हे उपडीकन. त्यांच्यामागे कबरी खोदणाऱ्यांची नावे लागतात: जानुआरियस, मेराक्लस, मिगिन, सामसुरिकसचा मुलगा व्हिक्टर. त्यांतले मिगिन हे नाव अस्सल आफ्रिकी आहे. जप्ती चालू असताना बिशप बसून आहे आणि डीकन उभे आहेत, हे कारकुनाने का टिपले असेल? बहुधा समोर जे दिसले ते त्याने लिहिले. पण त्यामुळे एका ख्रिस्ती समाजाची सारी उतरंड आपल्यापुढे उभी राहते. प्रार्थनेच्या वेळी ज्या क्रमाने ते बसत आणि उभे राहत, त्याच क्रमाने ते या प्रसंगालाही सामोरे गेले असावेत.

नंतर मुद्देमालाची यादी येते. दोन सोन्याचे पेले, सहा चांदीचे पेले, सहा चांदीच्या झाऱ्या, चांदीचे एक लहान पातेले, चांदीचे सात दिवे, पितळी समया, साखळ्यांनी टांगायचे अकरा पितळी दिवे. इथपर्यंत एका सुस्थितीतल्या प्रार्थनाघराची कल्पना येते. पुढे मात्र यादीचा रंग बदलतो. बायकांचे अंगरखे ८२. बायकांच्या ओढण्या ३८. पुरुषांचे अंगरखे १६. पुरुषांची पायताणे १३ जोड. बायकांची पायताणे ४७ जोड.

इतके कपडे आणि इतकी पायताणे प्रार्थनेला लागत नाहीत. हे कपडे वाटण्यासाठी ठेवलेले होते, असेच मला वाटते. पुरुषांच्या अंगरख्यांच्या पाचपट बायकांचे अंगरखे आहेत, हेही त्या समजुतीला धरूनच आहे. विधवा आणि निराधार बायकांची सोय हे सुरुवातीपासून ख्रिस्ती समाजाचे काम होते. ज्यांना घरचे कोणी नाही अशा कितीतरी बायकांचा हिवाळा या खोलीवर अवलंबून असावा. फर्मानात ग्रंथ आणि इमारत यांच्यावर रोख होता. प्रत्यक्षात जप्त झाली ती गरिबांची पायताणे. सम्राटाच्या हुकुमापासून एखाद्या विधवेच्या अनवाणी पायापर्यंतचे अंतर या यादीत दोन-चार ओळींत कापले जाते, आणि लिहिणाऱ्याला त्याची जाणीवही नसते. ते आकडे कोणा अनुभवी लेखकाने मुद्दाम योजले असते तर आपण त्याच्या संयमाला दाद दिली असती.

पंचनामा पुढे सरकतो. जे होते ते सगळे बाहेर काढले, असे सिल्व्हेनस आणि कॅरोसस सांगतात. तुमचे उत्तर नोंदीत गेले आहे, एवढेच फेलिक्स म्हणतो. हे वाक्य तो पुढेही वापरतो आणि प्रत्येक वेळी त्याचा अर्थ धमकी असाच आहे. ग्रंथालयाच्या खोलीत फडताळे रिकामी निघतात. तिथे सिल्व्हेनस चांदीची एक पेटी आणि एक चांदीचा दिवा आणून देतो, आणि एका रांजणामागे सापडले असे सांगतो. यादी लिहिणारा त्याला म्हणतो की हे सापडले नसते तर तू मेलाच होतास. ही वस्तू खरोखर रांजणामागे विसरली होती, की सिल्व्हेनसने ती वाचवायचा प्रयत्न केला आणि शेवटी त्याचा धीर सुटला? कागद यावर काही बोलत नाही. पण हा चांदीचा दिवा लक्षात ठेवायला हवा. सतरा वर्षांनी तो पुन्हा कचेरीत येणार आहे.

जेवणाच्या खोलीत चार मोठी पिंपे आणि सहा रांजण सापडतात. मग कॅटुलिनस एक फार मोठी पोथी आणून देतो. एकच का, असे फेलिक्स विचारतो. आम्ही उपडीकन आहोत, पोथ्या वाचकांकडे असतात, असे कॅटुलिनस आणि मार्कुक्लियस सांगतात. वाचक दाखवा. ते कुठे राहतात आम्हाला माहीत नाही. राहतात कुठे माहीत नसेल तर नावे तरी सांगा. आणि इथे टोलवाटोलवी एकदम थांबते. आम्ही आपल्या माणसांना धरून देणारे नाही, आम्ही हे इथे उभे आहोत, आम्हाला मारायचा हुकूम द्या, असे ते दोघे म्हणतात. यांना अटक करा, असे फेलिक्स म्हणतो.

त्या दोघांबद्दल याहून जास्त काही मिळत नाही. तरी या पानांतले सगळ्यात उंच क्षण त्यांचे आहेत. थोड्याच वेळापूर्वी त्यांनीच पोथी आणून दिली होती, त्यामुळे ते काही दगडासारखे अढळ नायक नव्हते. वस्तू देता येते, माणूस देता येत नाही, ही त्यांची सीमा होती. बिशपने तीच सीमा चलाखीने सांभाळली, या दोघांनी ती अंगावर घेतली. छळाच्या काळात माणसे अशा अनेक पायऱ्यांवर उभी असतात. शूर आणि भ्याड अशा दोन खणांत त्यांना बसवायला गेलो तर सिर्टातला एकही माणूस नीट बसत नाही.

यानंतर कारकून पुढे आणि फेलिक्स मागे अशी घरोघर फिरती सुरू होते. युजीनियसकडे चार पोथ्या. दुसऱ्या एका फेलिक्सकडे पाच. व्हिक्टोरिनसकडे आठ. प्रोजेक्टसकडे पाच मोठ्या आणि दोन लहान. व्याकरणशिक्षक व्हिक्टरकडे दोन पोथ्या आणि चार सुट्या जुड्या. युटिकियस आपल्याकडे काही नाही म्हणतो, आणि ते नोंदीत जाते. कोडिओच्या घरी त्याची बायको सहा पोथ्या आणून देते आणि आणखी नाहीत म्हणते. फेलिक्सचा विश्वास बसत नाही. तो बोस नावाच्या सरकारी गुलामाला आत धाडतो. गुलाम शोधून येतो आणि काही मिळाले नाही म्हणून सांगतो. अख्ख्या पंचनाम्यात बोलणारी ही एकच बाई आहे, आणि घरात शिरून झडती झाल्याची स्पष्ट नोंद आहे ती तिच्याच घराची. तिच्या नवऱ्याचे नाव टिपले आहे, तिचे नाही.

बेरीज केली तर पहिली मोठी पोथी धरून ३३ पोथ्या होतात. एका प्रांतिक शहरातल्या ख्रिस्त्यांकडे हातांनी नकललेले एवढे ग्रंथ होते आणि ते सात घरांत विभागून ठेवलेले होते. छापखान्यापूर्वीच्या काळातला हा साठा आहे. त्यांतल्या एकेका पोथीला कातडे, शाई आणि लेखनिकाचे कित्येक दिवस लागले असणार.

छळाच्या या पद्धतीमागे जुनी घडी होती. ११२च्या सुमारास प्लिनी या सुभेदाराने सम्राट ट्रेजनला पत्राने विचारले होते की ख्रिस्त्यांचे करायचे काय. मुद्दाम हुडकू नका, पण कोणी तक्रार करून पुढे आणले आणि त्याने देवांना पूजा वाहिली नाही तर शिक्षा करा, असे उत्तर आले. २५० साली डेसियसने साम्राज्यातल्या सगळ्यांना देवांना बळी द्यायला लावले आणि दिल्याचा दाखला मागितला. असे चाळीसहून जास्त दाखले इजिप्तच्या वाळूत पपायरसवर टिकले आहेत. डायोक्लेशनच्या राज्यात त्याच कागदी कारभाराचा मोठा पसारा झाला होता. सिर्टाच्या जप्तीनंतर काही महिन्यांनी, फेब्रुवारी ३०४ मध्ये, इजिप्तमधल्या एका खेड्यातल्या प्रार्थनाघराच्या वाचकाने शपथेवर लिहून दिले की आमच्याकडे सोने, चांदी, कपडे, जनावरे, जमीन यांतले काही नव्हते, पितळेचा जो माल होता तो आम्ही देऊन टाकला. त्या कागदाखाली दुसऱ्याच माणसाने सही केली आहे, कारण वाचकाला अक्षरओळख नाही. सभेत ग्रंथ वाचून दाखवणारा माणूस निरक्षर कसा, असा प्रश्न तिथल्या कचेरीने विचारलेला दिसत नाही. कदाचित त्या गावातही कारकून आणि वाचक शेजारीच राहत असतील.

छळ इथेच थांबला नाही. पुढची फर्माने आली, पाद्री तुरुंगात गेले, आणि ३०४ साली सगळ्यांनाच बळी देण्याची सक्ती झाली. न्युमिडियात फ्लोरस नावाच्या सुभेदाराच्या अमलात धूप वाहायला नकार देणारे मारले गेले, आणि त्यांच्या स्मरणाचा शिलालेख सापडला आहे. कार्थेजजवळच्या थिबिउका गावचा बिशप फेलिक्स याने ग्रंथ द्यायला साफ नकार दिला आणि ३०३च्या जुलैत त्याचा शिरच्छेद झाला. आपल्या प्रशासक फेलिक्सच्या पंचनाम्यात रक्त नाही म्हणून तो सौम्य समजायचा नाही. सगळ्यांना माहीत होते की प्रश्नाच्या पलीकडे काय आहे. यादी लिहिणाऱ्याने सिल्व्हेनसला मरणाची आठवण करून दिली ती उगाच नव्हे.

आफ्रिकेत हा तडाखा दोनेक वर्षांत ओसरला. आणि आता खरा प्रश्न उभा राहिला. ज्यांनी ग्रंथ दिले त्यांचे काय करायचे? सिर्टात बिशपची जागा रिकामी होती. ती भरायला जमलेल्या बिशपांच्या बैठकीचा वृत्तांत पुढे सेंट ऑगस्टिनने जपला. अध्यक्ष एकेकाला विचारू लागला की तुम्ही ग्रंथ दिलेत असे ऐकतो. एकाने सांगितले की मी वैद्यकाची पुस्तके देऊन वेळ मारून नेली. पुर्पुरियस नावाच्या बिशपवर बहिणीची दोन मुले मारल्याचा आरोप होता. तो उलटून अध्यक्षालाच म्हणाला की तुम्ही स्वतः कसे सुटलात ते आधी सांगा. तेव्हा सगळ्यांनी मिळून ठरवले की याचा हिशेब देवावर सोडावा. आणि बिशप म्हणून निवडला गेला तो सिल्व्हेनस. रांजणामागचा दिवा आणून देणारा उपडीकन.

तिकडे रोमन राजकारण उलटेपालटे होत होते. ३११ साली मरणाच्या दारात असलेल्या गॅलेरियसने ख्रिस्त्यांना पुन्हा जमायची मुभा दिली. २८ ऑक्टोबर ३१२ रोजी रोमजवळच्या मिल्व्हियन पुलापाशी कॉन्स्टंटाइनने मॅक्सेंटियसला हरवले आणि इटलीसकट आफ्रिका त्याच्या हाती आली. कॉन्स्टंटाइनला आपला विजय ख्रिस्ती देवाने दिला असे मनापासून वाटत होते. जप्त झालेली मालमत्ता परत द्या, असा त्याचा हुकूम आफ्रिकेत आला. पाठोपाठ दोन गोष्टी आल्या ज्यांनी सगळे चित्र बदलले. ख्रिस्ती पाद्र्यांना नगराच्या खर्चिक सक्तीच्या कामांतून सूट मिळाली, आणि कार्थेजच्या बिशप सिसिलियनला त्याच्या पाद्र्यांत वाटण्यासाठी ३००० फॉलिस, म्हणजे नाण्यांच्या तितक्या थैल्या, सरकारी तिजोरीतून मंजूर झाल्या.

पण सिसिलियन हाच बिशप का? न्युमिडियाच्या बिशपांनी त्याला मानले नव्हते. त्याला दीक्षा देणाऱ्यांपैकी एकाने छळात ग्रंथ दिले होते म्हणून सिसिलियनची दीक्षाच बाद, असा त्यांचा दावा होता. त्यांनी मेजोरिनस नावाचा दुसरा बिशप नेमला, आणि नंतर डोनेटस. दावा करणाऱ्यांत सिर्टाचा सिल्व्हेनसही होता. शाही सूट आणि शाही पैसा खऱ्या चर्चसाठी होता. मग खरे चर्च कोणते हे सम्राटाला ठरवणे भाग पडले. देवावर सोडलेला हिशेब असा कचेरीत आला. ३१३च्या ऑक्टोबरात रोममध्ये आणि ३१४ साली आर्लमध्ये बिशपांच्या सभा झाल्या. दोन्हींचा निकाल सिसिलियनच्या बाजूने लागला. दरम्यान जुन्या जप्तीच्या नोंदी सरकारी दप्तरातून हुडकून काढल्या गेल्या, आणि एका नोंदीत कोणीतरी मागाहून बनावट मजकूर घातल्याचेही चौकशीत उघड झाले. ज्यांनी ख्रिस्त्यांचे ग्रंथ जाळले त्यांनी लिहिलेले कागद आता ख्रिस्ती एकमेकांविरुद्ध पुरावा म्हणून शोधत होते.

सिर्टाचा पंचनामा आपल्यापर्यंत पोहोचला तो याच वाटेने. १३ डिसेंबर ३२० रोजी न्युमिडियाचा सुभेदार झेनोफिलस याच्यापुढे टिमगाड शहरात सुनावणी झाली. नुंडिनारियस नावाच्या एका डीकनचे आपल्या बिशपशी, सिल्व्हेनसशी, हाडवैर जडले होते. त्याने सगळे कागद न्यायासनापुढे ठेवले. पहिला साक्षीदार म्हणून आला तो व्याकरणशिक्षक व्हिक्टर. सुभेदाराने त्याची परिस्थिती विचारली. आपण लॅटिन शिकवतो, वडील नगरसभेचे सभासद होते, आजोबा सैनिक होते आणि घराणे मूळ मूर लोकांचे, असे त्याने अदबीने सांगितले.

मग त्याला छळाबद्दल विचारले. तो म्हणाला की आम्ही डोंगरावर पळून गेलो होतो. एका धर्मगुरूने वाचकांची नावे सांगितली, मी घरी नसताना लोक आले आणि माझ्या निजायच्या खोलीतून पोथ्या घेऊन गेले. परत आलो तेव्हा हे कळले. सरळ कबूल कर, नाहीतर कडक चौकशी करावी लागेल, असे सुभेदाराने बजावले. आणि मग कारकुनाने सतरा वर्षांपूर्वीचा पंचनामा मोठ्याने वाचला. व्हिक्टर तिथे घरातच होता. दोन पोथ्या आणि चार जुड्या त्याने आपल्या हातांनी दिल्या होत्या, आणि आणखी असत्या तर दिल्या असत्या असेही तो म्हणाला होता. फेलिक्सने लिहून घेतलेले उत्तर त्याच्यासमोर येऊन उभे राहिले.

मला व्हिक्टरबद्दल राग येत नाही. ३०३ साली त्याने खरे सांगून जीव वाचवला आणि ३२० साली खोटे सांगून अब्रू वाचवायला पाहिली. दोन्ही वेळा समोर रोमन अधिकारी होता, दोन्ही वेळा बाजूला कारकून लिहीत बसला होता, दोन्ही वेळा धाक होता. पहिल्या अधिकाऱ्याला ग्रंथ हवे होते, दुसऱ्याला ते कोणी दिले हे हवे होते. राजसत्तेने कृपादृष्टी वळवली म्हणून तिने प्रश्न विचारणे थांबवले नाही. उलट आता तिला प्रश्न विचारायचा हक्कच मिळाला होता, कारण ख्रिस्ती लोक स्वतः दाद मागायला तिच्या दारात आले होते.

कबरी खोदणारेही साक्षीला आले. त्यांतला एक होता सामसुरिकसचा मुलगा व्हिक्टर, ज्याचे नाव जप्तीच्या दिवशी यादीत लागले होते. सिल्व्हेनसची निवड कशी झाली ते साक्षीतून बाहेर आले. गावचे भले लोक दफनभूमीत कोंडले गेले, आणि आखाड्यातल्या एका माणसाने सिल्व्हेनसला खांद्यावर उचलून आणले. हा ग्रंथ देणारा आहे, आम्हाला दुसरा हवा, असे लोक ओरडत होते. सेरापिस देवाच्या मंदिरातला सरकारी मालकीचा आंबवलेला शिरका सिल्व्हेनस आणि पुर्पुरियस यांनी पिंपांसकट नेला, हेही पुढे आले. चांदीचा दिवा आणि पेटी दिल्याची नोंद तर वाचून झालीच होती.

साक्षीतली सगळ्यात बोचणारी गोष्ट पैशांची आहे. लुसिला नावाच्या कार्थेजच्या श्रीमंत बाईने मेजोरिनसला बिशप करवण्यासाठी ४०० फॉलिस दिले होते. हे पैसे गरिबांच्या नावाने आले. सुभेदाराने विचारले की गोरगरिबांना, म्हाताऱ्यांना त्यातले काही मिळाले का. साक्षीदारांनी सांगितले की कोणालाच काही मिळाले नाही, बिशपांनी आपसांत वाटून घेतले. बायकांचे ८२ अंगरखे आणि ४७ जोड पायताणे सांभाळणारा तो समाज डोळ्यांपुढे आणून ही साक्ष वाचली म्हणजे जीव कळवळतो. घसरण सम्राटाच्या पैशाने सुरू झाली असे म्हणता येणार नाही, कारण लुसिलाचे पैसे त्याच्या आधीचे आहेत. पण बिशपपद ही काबीज करण्याजोगी गोष्ट झाली होती, आणि सम्राटाच्या ३००० फॉलिसनी तिची किंमत कितीतरी वाढवली, हे नाकारण्यात अर्थ नाही.

कागदाचा शेवट हरवला आहे. निकालाचे पान उरले नाही. ऑगस्टिनच्या लिखाणावरून कळते की सिल्व्हेनस हद्दपार झाला. पण त्याच्या पंथाचा जोर कमी झाला नाही. ३१७ पासून कॉन्स्टंटाइनने डोनेटसच्या अनुयायांची प्रार्थनाघरे सैन्य धाडून काढून घ्यायला सुरुवात केली होती. कार्थेजमध्ये एका प्रार्थनाघरात माणसे मारली गेली. त्या पंथाने त्यांना हुतात्मे मानले आणि त्यांच्या स्मरणाची प्रवचने लिहिली, अगदी पूर्वी डायोक्लेशनच्या बळींसाठी लिहिली जात तशीच. त्यांच्या दृष्टीने छळ संपलाच नव्हता, फक्त छळणाऱ्याने क्रूस हाती घेतला होता. जबरदस्तीने एकी होत नाही हे उमगल्यावर ३२१ साली कॉन्स्टंटाइनने त्यांना मोकळे सोडले, आणि हद्दपार झालेले परत आले. कॉन्स्टंटाइनच्या बाजूने एवढे म्हणायला हवे की चार वर्षांत त्याने हात आखडता घेतला. डायोक्लेशनच्या सहकाऱ्यांपैकी गॅलेरियसला त्यासाठी आठ वर्षे आणि मृत्युशय्या लागली.

सिर्टाचे नाव तोवर बदलले होते. अंतर्गत युद्धात उद्ध्वस्त झालेले शहर कॉन्स्टंटाइनने पुन्हा उभारले आणि ते कॉन्स्टंटिना झाले. आजही अल्जीरियात ते त्याच्याच नावाने ओळखले जाते. तिथे त्याने ख्रिस्त्यांसाठी एक भव्य प्रार्थनागृह बांधून दिले. डोनेटसच्या लोकांनी त्याचा ताबा घेतला आणि सोडायला नकार दिला. न्युमिडियाच्या बिशपांनी तक्रार केली तेव्हा ३३०च्या फेब्रुवारीत सम्राटाचे उत्तर आले. त्याने बिशपांच्या सहनशीलतेचे कौतुक केले, ते प्रार्थनागृह बळाने परत घेण्याच्या भानगडीत तो पडला नाही, आणि सरकारी खर्चाने दुसरे बांधून द्यायचा हुकूम दिला. त्याच पत्रात आणखी एक सवलत आहे. तिथल्या विरोधकांनी कॅथलिक वाचकांना आणि उपडीकनांना नगरसभेच्या कामाला जुंपले होते, त्यांना त्यातून सोडवावे असे सम्राटाने लिहिले. वाचक कोण आणि कुठे राहतात हे सिर्टाच्या कचेरीत आता त्यांनी स्वतः होऊन सांगायचे होते, कारण ते पद सांगितल्याशिवाय सूट मिळणार नव्हती.